सरूबाईच्या बाहीचे कोपरे

सरूबाईचं नाव निघालं की मी विषय बदलते. आज नाही बदलत.

भाईंदर ईस्टला शर्टांचा एक छोटा कारखाना होता, बारा मशिनांचा. २००६ ची गोष्ट. सरूबाई तिथं बाहीची पट्टी आणि कफ करायची. मूळची रत्नागिरीकडची, पन्नाशीची, बोलायला फटकळ. मी शिकायला गेले तेव्हा तिनं माझा डावखुरा हात बघून कपाळाला हात लावला होता. "देवा, हिची कात्री उजव्या कोपऱ्यात पळणार." आणि खरंच पळायची. पण शिकवलं मला तिनंच, कारखाना सांभाळणाऱ्या उत्तम मास्तरनं नाही.

बाहीला मनगटापाशी जी चीर असते ना, तिच्यावर आधी पट्टी ठेवून चौकोनी शिवण घालायची. मग मधून सरळ कापत वर जायचं आणि शेवटी दोन्ही कोपऱ्यांत तिरकी कात्री मारायची. सगळी मेख तिथंच. कात्री टाक्यापर्यंत नाही पोचली तर पट्टी उलटल्यावर चुणी पडते, टाका ओलांडला तर भोक. "एक सूत आधी थांब," सरूबाई म्हणायची. कफाचंही तसंच. टोकावर वळताना एक टाका तिरका घ्यायचा, आतलं जादा कापड छाटायचं, उलटवून बोथट काडीनं टोक काढायचं, कात्रीनं खुपसायचं नाही, मग इस्त्री. तिचे कफ कागदासारखे सपाट बसायचे.

पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. शिवण बोटांच्या सवयीवर चालायची, पण कोपऱ्यातली कात्री जमेना. घरात कमावणारी ती एकटी, मशीन गेलं तर खायचं काय? मग आमचं ठरलं. ती शिवायची, बाह्या टेबलाखालून माझ्याकडे सरकवायची, मी कात्री मारून परत द्यायचे. गठ्ठ्यावर चिठ्ठी तिच्या नावाची. चार महिने कुणाला पत्ता नाही. मला वाटायचं, मी काय पुण्य करतेय!

दिवाळीच्या ऑर्डरची घाई सुरू झाली. त्या दिवशी माझं स्वतःचं काम तुंबलेलं आणि वर तिच्या चाळीस बाह्या. मी वैतागले. एकेक कोपरा बघायचं सोडून तीन-तीन बाह्या एकावर एक ठेवल्या आणि सपासप कापल्या. वरची बरी दिसली, खालच्या बघितल्याच नाहीत. सरूबाईनं विश्वासानं पट्ट्या उलटवून शिवून टाकल्या.

दुपारी उत्तम मास्तर गठ्ठा घेऊन आला. सव्वीस बाह्यांना भोक. शर्टाला दुसरी बाही कुठून आणायची, त्या रंगाचं कापडच संपलेलं. त्यानं चिठ्ठी वाचली आणि सगळ्यांसमोर सरूबाईला विचारलं, कात्री कोणी मारली?

सरूबाईनं एकेक बाही हातात घेतली, नखानं कोपरे चाचपले. मग म्हणाली, "मीच."

मी शेजारीच होते, दोन हातांवर. तोंड उघडायला किती वेळ लागतो? मनाशी म्हटलं, मी बोलले तर तिचे डोळेही उघडे पडतील, म्हणजे तिच्यासाठीच गप्प बसतेय. काय पण भली मी! मेलं, भीती वाटली होती, बाकी काही नाही. त्याच संध्याकाळपासून तिला दोरे कापायला बसवलं, आठवड्यानं येऊ नको म्हणून सांगितलं. तिचं मशीन मला मिळालं. मी बसलेसुद्धा.

दोन वर्षं तिची गल्ली टाळून वाकडी वाट करून जायचे. मग कळलं की तिचं ऑपरेशन झालंय. त्याच आठवड्यात नवऱ्यासाठी शर्ट शिवला होता. तोच घेऊन गेले, का ते मलाच माहीत नाही.

तिनं चहा टाकला. शर्ट खिडकीपाशी नेला, पट्टी उलटीसुलटी करून बघितली, कफाचं टोक अंगठ्यानं दाबलं. "सपाट बसलंय," म्हणाली. "आता थांबतेस सुताआधी."

मला रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं, तीन-तीन बाह्या एकदम कापल्याचंही. ती ऐकत राहिली, कपात साखर ढवळत.

"सगळी भोकं उजव्या कोपऱ्यात होती, वासंती. बोटाला कळलं मला तेव्हाच. शिकवलं कुणी तुला?"

मग का नाही सांगितलंस मास्तरला, मी विचारलं.

"तू सांगशील म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "आठवडाभर दोरे कापत बसले होते ना तिथंच."

शर्टाची व्यवस्थित घडी घालून तिनं तो माझ्या हातात दिला. मी चहा तसाच ठेवून उठले.