रिपोर्टने गाळलेली तेवीस माणसं

हॉस्पिटलच्या वेबसाइटचे आकडे बघणाऱ्या ताई कामाला एकदम चोख. एका दुर्मिळ आजाराच्या पानावर महिन्याच्या आणि तिमाहीच्या, दोन्ही रिपोर्टांत कुणीच दिसेना, म्हणून त्यांनी ते काढायला लावलं.

दुसऱ्याच दिवशी एका आईचा फोन आला. "अहो, मुलीच्या डोसचा तक्ता कुठं गेला?"

ताईंनी प्रत्येक भेट जशीच्या तशी टिपणारी सर्व्हरची मूळ नोंद उघडली. महिन्यात तेवीस माणसं! कुणाची ओळख पटू नये म्हणून महिन्याचा रिपोर्ट इतक्या थोड्या लोकांची ओळच गाळत होता. तिमाहीचा रिपोर्ट तर शंभरातली एकच भेट मोजून आकडा शंभरपट करायचा. त्या नमुन्यात यांच्यापैकी कुणी आलंच नव्हतं.

ताईंनी वरिष्ठांना गाठलं. "साहेब, ही माणसं होती हो! मी शून्य समजले."

पान तासाभरात परत आलं. ताईंनी स्वतः त्या आईला फोन लावला आणि तक्ता परत आल्याचं सांगून माफी मागितली.