वाटेवरची झाडं

पुसलं व्हतं मी. मास्तर म्हनले, "उत्तर नऊ कसं आलं ते दाखव," आन् मी पाटीकडं बघतीय तर पाटीवर नुसता नऊ. बाकी सगळं ओल्या फडक्यानं चकचकीत पुसलेलं.  मांडीवरची पोर माझ्या हातातली पेन्सिल ओढून तोंडात घालायला बघतीय, समोर शिक्षान खात्याचे साहेब खुर्चीत बसलेले, आन् मास्तर परत इचारतायत, "अगं, आकडेमोड कुठाय?"

"पुसली," म्हनलं.

"का पुसलीस?"

"जागा न्हवती."

आता खरं सांगायचं तर सगळ्याच बायांनी पुसली व्हती. आमची पाटी केवढी, तर ताटलीएवढी. वर गनित मांडायचं, मग उत्तरासाठी जागा करायची म्हनून फडकं फिरवायचं, मग मधोमध ठसठशीत आकडा काढायचा. रोज वर्गात आमी असंच करायचो, मास्तरच म्हनायचे, उत्तर सुबक पायजे. मग परीक्षेला पन सुबकच केलं. कागद न्हवताच. कागद बायकांच्या वर्गाला कोन देतंय?

आमचा वर्ग म्हनजे चिंचवडच्या नदीकडच्या धर्मशाळेची ओसरी. दुपारच्याला, भांडीकुंडी झाली की बाया यायच्या, पोरं काखंत घेऊन. मी चाकनकडची, लगीन होऊन हितं आले. लहानपनी दुसरीपतूर शिकले, मग शेळ्यांमागं गेले, ते शिक्षान तिथंच राहिलं. पन पिंपरीला औषदाचा कारखाना निघाला, तिथं बाटल्या पुसून खोक्यात भरायच्या खात्यात बायका घेनार असं कळलं, आन् अट काय, तर लिवता-वाचता-हिशेब येतो असा शिक्षान खात्याचा दाखला पायजे. आमचं मालक म्हनले, "कर की तू, मी पोर बघतो." मालक पोर बघनार! एकदा बघितली व्हती, तर पोरीनं चुलीतली राख खाल्ली. पन म्हनले ते खरं.

तर परीक्षा. मास्तरांनी फळ्यावर सवाल लिवला. शंभर फूट लांब वाट आहे. दर दहा फुटांवर एक झाड लावायचे. एकूण किती झाडे लागतील?

लगेच माझ्या शेजारच्या काकूंनी हात वर केला. काकू आमच्याच चाळीतल्या, बोलायला एकदम दनकट. म्हनल्या, "मास्तर, वाट कुठली? टोकाला काय हाय?"

मास्तर म्हनले, "परीक्षेत शंका विचारायची नाही. बसा काकू."

काकू बसल्या. पन पेन्सिल खाली ठेवली, ती उचललीच न्हाई. मला वाटलं रुसल्या.

मी काय केलं, तर डोळं मिटून आमच्या चाळीची वाट बघितली. एका टोकाला पान्याचा नळ, तिथं झाड लावलं तर हंडा कुठं ठेवायचा? दुसऱ्या टोकाला मोठा रस्ता, तिथं बैलगाड्या वळत्यात, तिथं लावलं तर पैल्याच दिवशी बैल खातील. म्हनून दोन्ही टोकं सोडली. राहिली नऊ. मी खुशीत पाटी पुसली.

पाट्या पुढं गेल्यावर मास्तरांच्या तोंडाकडं बघायला पायजे व्हतं. त्यांच्या पुस्तकात उत्तर दहा. शंभराला दहानं भागलं की झालं. आन् पाट्यांवर काय? दोघींचे दहा. एकीचे अकरा. माझे नऊ. आमच्या जाऊबाईंचे तर बावीस! आन् काकूंची पाटी कोरी.

आकडेमोड पुसली म्हनल्यावर साहेबांनी खडूनं पैली फुली मारली ती माझ्याच पाटीवर. ती फुली बघितली आन् मला रडूच फुटलं. बाकीचे सवाल मला कसेबसे जमले व्हते, हा गेला तर मी नापास, हे मला बोटं मोजून कळलं व्हतं. मी नापास म्हनजे कारखाना गेला. पोर माझं रडनं बघून लागली रडायला. साहेब दचकले.

मास्तर म्हनले, "साहेब, जरा थांबा. फुली पुसा. इतक्या वेगवेगळ्या चुका बायका करत नाहीत. मी ह्यांना रोज शिकवतो. सवालातच काहीतरी राहिलंय."

"पुस्तकातला सवाल आहे," साहेब म्हनले.

"पुस्तकातला असला म्हणून काय झालं. वाटेच्या टोकाला झाड लावायचं की नाही, ते कुठं लिहिलंय? एका बाजूला की दोन्ही बाजूंना? काकू तेच विचारत होत्या, आणि मी त्यांना गप्प बसवलं."

काकू मागून म्हनल्या, "बसवलंच की!"

साहेब चहाची कपबशी हातात घेऊन इचार करत बसले. साहेब चांगलं मानूस, बरं का. ताठ न्हाई. मग त्यांचा चेहरा एकदम उतरला. म्हनले, "मास्तर, काल चऱ्होलीच्या वर्गात हाच सवाल दिला. अकरा लिहिणाऱ्या बाईला मी शून्य देऊन आलोय."

"मग आता पुन्हा चऱ्होलीला जावं लागणार," मास्तर म्हनले. "इथं एक न्याय आणि तिथं दुसरा, असं कसं चालेल?"

"जातो. पण इथं काय करू? सवालच काढून टाकू?"

तेवढ्यात दहावाली बाई बसल्या जागेवरून वरडली, "आवं, मी केला तो फुकट गेला का मग?"

"सगळ्यांना पूर्ण मार्क देऊ?"

"मग कोनी शंभर लिवलं असतं तर?" ह्या जाऊबाई. स्वतःचे बावीस इसरल्या.

मास्तर म्हनले, "ज्या बाईनं जी वाट धरली, त्या वाटेप्रमाणे तिचं उत्तर बरोबर बसतं का, तेवढं बघू. पण आकडेमोड पुसलीय ह्यांनी. तेव्हा एकेकीला तोंडी विचारायला लागेल."

आन् मास्तरांनी बघा काय केलं. खुर्ची चिंचेखाली नेली. एकेकीला तिकडं बोलवायचं, आन् जिचं झालं तिनं परत ओसरीवर यायचं न्हाई, पल्याड घाटाच्या पायरीवर जाऊन बसायचं. म्हंजी एकीनं दुसरीला पढवायला नको. आमी म्हनलं, ह्ये काय, चोर पकडलेत का? पन बसलो गुमान.

जाऊबाई पैल्या गेल्या. जाताना माझ्या कानात, "घाबरू नगस गं, मी हाय." आन् स्वतःच पदरानं कपाळ पुसत गेल्या. लांबनं मला त्यांचे हात दिसत व्हते, दोन्हीकडं पसरलेले. मग पायरीवर जाऊन बसल्या आन् तिथनं मला अकरा बोटं दावायला लागल्या! दहा हाताची आन् वर मान हलवून एक. दोनदा. मास्तर तिकडं पाठ करून व्हते म्हनून बरं.

 अकरा म्हनायचं का? पन पाटीवर तर नऊ हाय! नऊ लिवून अकराचं कारन कसं सांगनार? आन् नळाचं सांगितलं तर हसतील. गनितात कुठं नळ आन् बैल असत्यात?

माझं नाव पुकारलं. पोर कडेवर घेऊन गेले.

साहेब म्हनले, "म्हणजे दोन्ही टोकांची तुम्ही धरली नाहीत ना, म्हणून..."

"साहेब," मास्तर मधेच म्हनले, "आपण नाही सांगायचं. तिचं तिला सांगू द्या. आपण एवढंच विचारायचं, कसं काढलंस?"

साहेबांनी तोंडावर हात ठेवला. पोरगी हसली त्यांना बघून.

मी एका दमात सांगून टाकलं. नळ, हंडा, बैल, सगळं. बैल झाड खातील ते पन. सांगता सांगता माझा श्वास संपला. मग मास्तरांनी चिंचेखालचे अकरा चिंचोके उचलून जमिनीवर लाइनीत मांडले, मला म्हनले, "टोकं कुठली?" मी दोन्ही टोकांचे उचलले. राहिले ते त्यांनी मोजले. नऊ.

"बरोबर," म्हनले. पूर्ण मार्क.

मला वाटलं पोरीचा मुका घ्यावा का मास्तरांच्या पाया पडावं. पोरीचाच घेतला. जाऊबाईंचे बावीस पन बरोबर, त्यांनी दोन्ही बाजूंना धरलीती, टोकासकट. म्हनल्या, "आमच्या माहेरी एका बाजूला झाडं कोनी लावत न्हाई, ध्यान दिसतं." अकरावाली बरोबर. दहावाली पन, एका टोकाला देवळाची पायरी व्हती म्हनं तिच्या. पन एक बाई, तिनं पन दहाच लिवलेले, मास्तर म्हनले कसं काढलंस, तर ती म्हनली, "शेजारनीच्या पाटीवर दिसलं." तिला काय देनार? साहेब हसून हसून खुर्चीतनं पडायच्या बेतात.

शेवटी काकू गेल्या, तवा आमी समद्या पायऱ्या सोडून चिंचेपाशी जमलो. हितंच सगळं अडलं.

साहेब म्हनले, "काकू, पाटी कोरी आहे. कोऱ्या पाटीला मार्क कसे देऊ?"

काकू म्हनल्या, "मी इचारलं व्हतं टोकाला काय हाय. सांगा म्हनलं तर म्हनले बस. बसले. मला ठाऊक न्हाई ती वाट, मी तिथं झाडं कशी मोजू?"

"अंदाजानं लिहायचंत काहीतरी."

"अंदाजानं लिवलं तर खोटं की ते."

 मास्तर म्हनले, "सवालातली चूक आधी ह्यांनीच दाखवली, साहेब. बाकीच्यांनी मनानं वाट बनवली. ह्यांनी ती मागितली, आणि मी दिली नाही. देता आली असती, पण एकट्या ह्यांना नाही, फळ्यावर लिहून सगळ्यांना एकदमच."

जाऊबाई लगेच म्हनल्या, "मग फुडल्या वक्ताला समद्याच पाट्या कोऱ्या ठेवतील आन् सवाल इचारत बसतील."

"तू गप गं, बावीस!" काकू म्हनल्या.

साहेब म्हनले, ह्याचा निकाल मी एकट्यानं नाही लावणार. काकूंच्या पाटीवर त्यांनी फुली पन मारली न्हाई आन् बरोबरची खूण पन न्हाई, खडूनं गोल काढला. वर कचेरीत इचारतो म्हनले. मग चऱ्होलीला गेले, त्या अकरावाल्या बाईकडं.

मला दाखला मिळाला. त्या एका सवालावर मिळाला, ह्ये मी कधी इसरत न्हाई. आता सकाळी भोंगा वाजला की मी पिंपरीला जाते बाटल्या भरायला. पोर ठेवते काकूंकडं. काकूंचा दाखला अजून त्या गोलातच अडकलाय, वरनं काय कळलं न्हाई. काकू पोरीला कडेवर घेत्यात, आन् रोज म्हनत्यात, "जा बाई नऊ, बैल येतील." मी हसते, पन वाटेतल्या नळापाशी आले की हसू थांबतं.

साहेबांनी काकूंच्या पाटीवर काय लिवायला पायजे व्हतं? पूर्ण मार्क, की भोपळा? की अर्धे? मला अजून ठरवता येत न्हाई. तुमी खुर्चीत असता, समोर काकू, हातात खडू, तर तुमी काय केलं असतं?