आयगेन व्हेक्टरचे आठ मार्क

माझं डोकं लवकर तापतं, हे लातूरच्या आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण नांदेडला पेपर तपासणीच्या हॉलमध्ये त्या दिवशी जे तापलं, तसं आधी कधी तापलं नव्हतं.

मी मॉडरेटर होते. दुसऱ्यांनी तपासलेले पेपर पुन्हा बघायचे, त्यात काठावर नापास झालेले तर सगळेच. एक पेपर हातात आला, दोन मार्कांनी गेलेला. नाव नसतं, नुसता बारकोड. तरी अक्षर बघून मी आपलं मनानंच ठरवून टाकलं, ही पोरगी आहे.

आयगेन व्हॅल्यूचा आठ मार्कांचा प्रश्न. मॅट्रिक्स दोन बाय दोनची, वरच्या ओळीत १ आणि २, खालच्या ओळीत उणे ३ आणि ६. कर्णावरच्या आकड्यांतून लॅम्डा वजा करायचा, डिटरमिनंट काढायचा, की कॅरॅक्टरिस्टिक पॉलिनॉमियल मिळतं. इथंच बाई घसरल्या. उणे तीनचं चिन्ह खाल्लं, त्यामुळं जिथं सहा मिळवायचे तिथं सहा वजा झाले. λ² − ७λ + १२ यायचं, ते नुसतं λ² − ७λ आलं. ते सोडवून लॅम्डाची, म्हणजे आयगेन व्हॅल्यूची, उत्तरं तीन आणि चार यायची, ती आली शून्य आणि सात. बेरीज दोन्हीकडे सातच, कर्णावरच्या एक आणि सहाच्या बेरजेइतकी, म्हणून शंकाही येत नाही.

पुढं व्हेक्टर काढताना मात्र तिनं मॅट्रिक्स बरोबर उतरवली होती, उणे तीनसकट. लॅम्डाच्या जागी शून्य घालून दोन ओळींची दोन्ही समीकरणं सोडवली, तर x शून्य, y शून्य. सात घालून पुन्हा तेच. आणि त्याखाली मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, की आयगेन व्हेक्टर शून्य असूच शकत नाही, म्हणजे शून्य आणि सात या आयगेन व्हॅल्यू नाहीत, माझं पॉलिनॉमियल वर कुठंतरी चुकलंय, वेळ संपला.

अगं माझे बाई! इतकं शहाणं वाक्य मी कितीतरी गठ्ठ्यांत वाचलं नव्हतं. आणि मार्क किती? दोन. पॉलिनॉमियलला शून्य, समीकरण सोडवलं म्हणून दोन, व्हेक्टरच्या चारांपैकी भोपळा.

त्याच गठ्ठ्यात दुसरा पेपर निघाला. तीच चूक, तेच शून्य आणि सात. पण ह्या पठ्ठ्यानं दोन्ही वेळा फक्त पहिली ओळ घेतली आणि दोन व्हेक्टर ठोकून दिले, (२, −१) आणि (१, ३). पहिला व्हेक्टर खालच्या ओळीत घातला असता तर शून्याऐवजी उणे बारा आले असते. घातलाच नाही. त्याला आठपैकी सहा.

मी दोन्ही पेपर घेऊन तरातरा तपासणाऱ्याच्या टेबलाशी गेले. चाकूरकडच्या कॉलेजातला तरुण प्राध्यापक, एकेकाळी माझाच विद्यार्थी.

"हे काय करून राहिलास रे?"

त्यानं पेपर बघितले. "मॅडम, मार्कांची स्कीमच तशी हाय. पॉलिनॉमियल चुकलं तरी पुढची पद्धत बरोबर असंल तर पुढचे मार्क द्यायचे. ह्यानं व्हेक्टर काढले. तिनं न्हाई काढले."

"जे नाहीतच ते काढले म्हणून चार, आणि नाहीत हे ओळखलं तिला भोपळा? लाज वाटत नाही? ती दोन मार्कांनी नापास होतेय, कळतंय का तुला?" माझा आवाज इतका चढला की हॉलमधल्या माना वळल्या. वळू देत. मला फरक पडत नव्हता. "दुसरी ओळ घालून बघितलीस का तू तरी?"

"न्हाई."

"का न्हाई?"

त्यानं पेन खाली ठेवलं. मग अगदी हळू म्हणाला, "रागावू नका मॅडम. पहिली ओळ घ्या, दुसरी आपोआप बसते, बघत बसू नका, हे तुम्हीच शिकवलंय आम्हाला. मी बी पोरांना तेच सांगतो."

दुसरी ओळ आपोआप बसते, खरं आहे. पण लॅम्डा बरोबर असेल तरच बसते. हे "तरच" मी कधी फळ्यासमोर बोलले होते का? आठवून आठवून बघितलं. घाईत पोर्शन उरकायचा, परीक्षेत वेळ वाचवायचा, हेच आठवलं. लई चीड आली, आणि ओरडायला आता कुणी उरलं नव्हतं.

तिच्या पेपरवर मी व्हेक्टरचे चारही मार्क दिले, शेजारी कारण लिहिलं, सही केली. ती पास झाली.

त्यानं दुसरा पेपर माझ्यापुढं सरकवला. पहिल्या पानावरची बेरीज बघितली, तर तो पोरगाही कसाबसा काठावर पास होता. चार कापले की नापास.

"ह्याचे कापू का, मॅडम?"

"नको," मी म्हणाले. "त्याचे नको. माझे काप."