गोळा दिसला की आठ

अण्णा भिडे हा माणूस चुकत नाही, असं आमच्या क्लासात सगळे धरून चालायचे. सगळ्यात आधी तो स्वतः. कोपरीत स्टेशनपासून जवळ, झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या, तोच आमचा क्लास. मी मेकॅनिक्स शिकवते, अण्णा मॅथ्स. इंजिनिअरिंगच्या पोरांची केटी, म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय, सोडवायची तर अण्णांकडे जा, हे ठाण्यापासून कल्याणपर्यंत माहीत होतं. डोंबिवलीहून रोज इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, डस्टरही घरून आणायचे. मी म्हणायचे, "अण्णा, आता खडूसुद्धा घरीच वळत जा." हसायचे नाहीत. विनोद त्यांना पचत नसे.

त्यांची सगळी कमाई म्हणजे त्यांच्या क्लृप्त्या. पोरं घाबरलेली असतात, त्यांना विचार करायला लावू नका, सवय लावा, असं ते म्हणायचे. गोळ्याचं घनफळ ट्रिपल इंटिग्रेशनने काढायचं असलं की त्यांची आरोळी ठरलेली, "गोळा दिसला की?" आणि अख्खा वर्ग, "आठ!"

त्यात चूक काहीच नव्हती, जोवर गोळ्याचा मध्य शून्यावर आहे तोवर. तीन अक्ष गोळ्याचे आठ सारखे तुकडे करतात. एकाच तुकड्याचं घनफळ काढायचं. r शून्यापासून a पर्यंत, θ शून्यापासून π/2, φ शून्यापासून π/2, आणि आत r² sinθ विसरायचं नाही. तुकडा येतो πa³/6. आठने गुणलं की 4πa³/3, दहावीत पाठ केलेलं तेच. पोरांचे चेहरे उजळायचे. मलाही ते बघायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मेघाली कोळी त्या बॅचला होती. कोलशेतची, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. पहिल्या वर्षाचं मॅथ्स राहिलेलं. ते सुटलं नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, म्हणजे वर्ष घरी बसून. बोलायची कमी, पण गणितावर मान खाली घालून बसली की उठायची नाही.

परीक्षेच्या आधीचा शेवटचा तास. अण्णांना पाच धडे उरकायचे होते. मेघाली उभी राहिली. "सर, x² + y² + z² = 2az असेल तर आठ कसे? हा गोळा शून्यावर टेकलेला आहे, भुईवर ठेवलेल्या चेंडूसारखा. खालचे चार भाग रिकामेच राहतात ना? मग चारच घ्यायचे ना?"

बरोबर होतं पोरीचं. अक्षरन् अक्षर बरोबर. मी मागे खुर्चीत पेपर तपासत होते, मी मान वर केली. अण्णांनी तिच्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. समीकरणाची उजवी बाजू त्यांनी ऐकलीच नसावी. 2az ऐवजी a² ऐकायची त्यांच्या कानाला सवय.

"गोळा गोळाच असतो ग. आठ म्हणजे आठ. परीक्षेत डोकं चालवू नकोस, आधीच एकदा चालवलंयस ना? बस खाली."

वर्ग हसला. मेघाली बसली. मी बोलणार होते, पण भर वर्गात अण्णांना कोण टोकणार? तास संपल्यावर सांगू म्हटलं, तर हे महाराज गाडी पकडायला जिन्यावरून पसार.

आणि पेपरात तोच गोळा आला. नेमका तोच!

पेपर झाला की दुसऱ्या दिवशी अण्णा तो फळ्यावर सोडवून दाखवायचे, ही आमच्या क्लासची जुनी रीत. पोरं पेढे खायला यावीत तशी यायची. अण्णांनी झोकात सुरुवात केली. x, y, z च्या जागी r, θ, φ घातले, r ची मर्यादा शून्यापासून 2a cosθ, अगदी बरोबर. एका तुकड्याचं घनफळ πa³/3 आलं. "आणि गोळा दिसला की?"

"आठ!"

अण्णांनी 8πa³/3 लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि मागे सरकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कोपऱ्यात त्याच समीकरणाचा वर्ग पूर्ण केला, x² + y² + (z − a)² = a². त्रिज्या a. म्हणजे उत्तर 4πa³/3 यायला हवं, शाळेतलं पोरही सांगेल. फळ्यावर दुप्पट होतं.

"आठ कुणी कुणी लिहिले?" त्यांनी पोरांकडे न वळता विचारलं.

एकेक करत जवळजवळ सगळे हात वर झाले. वळल्यावर त्यांना पहिल्या बाकावर मेघालीचाही हात वर दिसला. मला वाटलं हा माणूस आता काहीतरी सबब सांगेल. नाही सांगितली. घरून आणलेल्या त्या डस्टरने आठ पुसला, चार लिहिला आणि म्हणाले, "मी चुकलो. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं." आवाज असा की मीच खाली बघितलं.

बाकीचे दुसऱ्या गणितांवर तरून गेले. मेघाली थोडक्या मार्कांनी नापास झाली, ग्रेसचे मार्क धरूनही. वर्ष गेलं.

निकालानंतर अण्णा मला म्हणाले, "सुमती, कोलशेतला येशील माझ्याबरोबर? एकट्याने पाय उचलत नाही."

आम्ही गेलो तेव्हा मेघालीची आई, मालूताई, ओट्यावर सुकट निवडत होती. सरांना पाहून तिची तारांबळ उडाली. "या या सर, बसा ना. पोरीनं काय चुकवला का? तुमचे नावाचा जप चालतंय तिचा." खुर्ची पदराने पुसली. अण्णा बसेनात.

"तिचं काही चुकलं नाही हो ताई. माझं चुकलं. ती बरोबर सांगत होती, मी वर्गात तिचं हसं केलं. तिचं वर्ष माझ्यामुळे गेलं."

मालूताईला काही कळलं नाही. तिने आत चहा टाकणाऱ्या लेकीकडे पाहिलं. अण्णांचे कान लाल झाले होते, घाम पुसायलाही हात उठत नव्हता. मला त्यांचा राग आला होता, तो तिथेच विरला.

मेघाली आतून चहा घेऊन आली. "सर, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?" मग हळूच म्हणाली, "मी आधी चारच लिहिलेले. उत्तर दहावीच्या सूत्राशी जुळलेलं पण."

"मग?"

"मग तुमचं आठवलं. डोकं चालवू नकोस म्हणालेलात. म्हणून चार खोडला आणि आठ केला."

अण्णा एकदम खुर्चीत बसले. आता पोरगी रडेल, चिडेल, चार शब्द सुनावेल, असं मला वाटलं. सुनावायलाच हवे होते, देवाशपथ. मी असते तर चहाही दिला नसता.

पण ती वाकून अण्णांच्या पाया पडली. त्यांनी पाय मागे ओढले, तरी पडली. मग उभी राहून, अगदी मनापासून विचारलं, "सर, पुढच्या वेळी असा गोळा आला तर चारच लिहू ना?"