द्राक्षांखालची फाईल

माझं गर्भाशयाचं ऑपरेशन होऊन अकरावा दिवस होता. उठून बसायचं म्हटलं तरी पोटावर उशी दाबून धरावी लागायची. अशात आमच्या पंचायत समितीतले वरिष्ठ सहाय्यक, ज्यांना सगळं ऑफिस भाऊसाहेब म्हणतं, न विचारता घरी आले. हातात द्राक्षांची पिशवी. सासूबाईंनी चहा टाकला. पिशवी रिकामी केली तर द्राक्षांखाली पेन्शनची फाईल.

"बसल्या बसल्या होते म्याडम. एवढी यादी लिहून द्या. साहेब ओरडून राह्यले. आन् हजर कधी होता?"

ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "व माय, हा माणूस तब्येत पाहाले आलता का वसुलीले?"

मी दीड तास बसून यादी लिहिली. दोन दिवसांनी टाका चिघळला आणि रजा आणखी पंधरा दिवस वाढली. ऑफिसात भाऊसाहेब म्हणाले, "लेडीजचं असंच असते." हे मला शिपायाने सांगितलं.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पदवीचा फोटो माझ्या बापाने गोठ्याच्या भिंतीला लावला, कारण घरापेक्षा तिथे माणसं जास्त येतात. अशा बापाची मुलगी आहे मी. ते वाक्य मला विसरता येत नाही आणि विसरायचंही नव्हतं.

दोन वर्षांनी भाऊसाहेबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडखळायला लागलं. वैद्यकीय रजा लागली आणि ती वाढतच गेली. खोटं कशाला सांगू, बातमी ऐकली तेव्हा मला आधी द्राक्षं आठवली.

महिन्याभराने साहेबांनी, म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांनी, मला बोलावलं. तपासणी जवळ आली होती. त्यांनी एक कागद दिला. त्यावर सात प्रश्न: मधल्या कपाटाची चावी कुठे, अमुक सेवापुस्तक कोणाकडे, कॉम्प्युटरचा पासवर्ड काय, असे. "भेटून या. सहज बोलता बोलता विचारा. तुम्हाला जमतं."

मला जमलं असतंच. एकेक प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि शेवटी विचारायचं, हजर कधी होता? बस स्टँडपर्यंत मी ते वाक्य घोकत गेले. पण तिथे डोक्यात दुसराच सूड शिरला. ह्या माणसाला दाखवायचं, आजाऱ्याला भेटायला कसं जातात ते. इतकं नीट दाखवायचं की प्रत्येक भेटीत त्याला माझं घर आठवावं. मी त्या दिवशी गेलेच नाही. भाऊसाहेबांच्या पत्नीला फोन केला.

"वहिनी, त्यांना माणसं आलेली चालतात का? नाही म्हणालात तरी मला राग नाही."

"ताई, असं विचारणाऱ्या तुम्ही पयल्याच. बाकीचे तं सरळ येऊन खाटेवर बसते. व्यायामवाला अकराले जाते, त्याच्यानंतर अर्धा घंटा या."

"काय आणू? फळं काही मी आणत नाही."

"फळानं घर भरलं. हातात दाबाचा रबरी चेंडू पाहा बरं. इथं आमच्या गावात, दुसरबीडले, भेटला नाही."

रविवारी चेंडू घेऊन गेले. खाटेवर नाही, खुर्चीवर बसले. किती सुधारणा आहे, डॉक्टर काय म्हणाले, काही विचारलं नाही. त्यांच्या अंगणातल्या आंब्याचा मोहोर, आमच्याकडचा हरभरा, त्यांच्या जावयाने घेतलेली गाडी, एवढंच बोलले. ते शब्द शोधत असताना मधेच पुरवला नाही, थांबले. त्यांनी मोठ्या कष्टाने विचारलं, "ऑ... ऑफिस?"

"ते आहे तिथंच आहे. तुम्ही आराम करा," म्हटलं आणि पुन्हा आंब्यावर आले. त्यांचा चेहरा पडला. मला आत गार वाटलं.

बरोबर अर्ध्या तासाने उठले. सोमवारी ऑफिसात एकाने विचारलं, "तोंड वाकडं झालं का हो?" मी म्हटलं, "वहिनींना फोन करा आणि स्वतः जाऊन या." साहेबांना म्हटलं, "विचारण्यासारखी वेळ नव्हती."

असे तीन रविवार झाले. दरवेळी ते ऑफिस काढायचे, दरवेळी मी आंबा काढायची. माझ्या वागण्यात कोणाला बोट ठेवायला जागा नव्हती. आणि दरवेळी ते थोडे जास्त घाबरलेले दिसायचे.

चौथ्या आठवड्यात सकाळीच वहिनींचा फोन.

"ताई, राग नका मानू. तुमी गेल्या का यांचं बीपी वाढते. म्हणते, म्याडम ऑफिसचं काहीच सांगत नाही, मंग नक्की माह्या खुर्चीवर कोणाले तरी बसवलं. काल जेवले नाही. डॉक्टर म्हणे टेन्शन देऊ नका. तुमी काऊन सांगत नाही व?"

फोन ठेवला. सूड पुरा झाला होता. माझा टाका चिघळला, त्यांचं बीपी वाढलं. पण माझ्या दुखण्यात त्यांनी काम आणलं होतं, आणि मी कामाचा शब्दही न काढता कामाचीच भीती त्यांच्या उशाशी ठेवून येत होते. यात माझी हुशारी ती काय? आणखी एखादा झटका आला असता तर गोठ्यातल्या फोटोकडे मी कोणत्या तोंडाने बघणार होते?

त्याच दिवशी मी साहेबांसमोर टिपणी ठेवली: कर्मचारी वैद्यकीय रजेवर असल्याने दोघांच्या समक्ष कपाट उघडून यादी करावी. साहेब कुरकुरले, पण लेखी आलं म्हटल्यावर सही केली. चावीवाल्याकडून दुसरी चावी करवून आम्ही कपाट उघडलं, पंचनामा केला. आणखी चार प्रश्नांची उत्तरं आतच निघाली. सेवापुस्तक हिशेब शाखेत होतं. पासवर्ड कॉम्प्युटरवाल्याने दहा मिनिटांत बदलला. आजारी माणसाची गरज कशालाच नव्हती. म्हणजे माझ्या आजारपणात माझीही नव्हती! हे कळलं आणि माझा राग होता त्याच्या दुप्पट झाला.

रविवारी वहिनींना विचारून पुन्हा गेले. ते म्हणाले, "ऑफिस?"

या वेळी आंबा काढला नाही. "विचाराल तेवढं सांगते, त्याच्यापुढे नाही. खुर्ची तुमचीच आहे. काम ऑफिसातल्या आम्ही दोघांनी वाटून घेतलं. तुमच्यासाठी काही अडलेलं नाही. हजर कधी व्हायचं ते डॉक्टर सांगतील, आमच्यातलं कोणी विचारणार नाही. आणखी काही?"

त्यांनी मान हलवली. डोळे भरले होते. मग एकेक अक्षर ओढत म्हणाले, "म्याडम... द्रा... द्राक्षं."

म्हणजे त्यांनाही आठवत होतं. वहिनींना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, "द्राक्षं पाह्यजे का? आणते."

"नको वहिनी," मी म्हटलं. "भाऊसाहेब, मी काही माफ-बिफ केलेलं नाही. तो हिशेब तुम्ही स्वतःच्या पायांनी चालत ऑफिसला आल्यावर होईल. तेव्हा मी सोडणार नाही. आजाऱ्याशी मी भांडत नसते."

त्यांचं अर्धं तोंड हसलं. चादरीवरचा चेंडू उचलून मी त्यांच्या उजव्या हातात दिला.

"दाबा," म्हटलं.