एकोणीस वर्षांची पाहुणी

पडदा वर जातो तेव्हा खोलीत दोघी बहिणी दिसतात. दुसऱ्या मजल्यावरची एकच खोली, एक खिडकी, कोपऱ्यात मोरी. खिडकीपाशी थोरली काजं-बटणं करत बसली आहे. धाकटी मात्र उभी आहे, कारण आज पहिली तारीख आहे. जिन्यात चपलांचा आवाज आला आणि थोरलीने सुईवरची नजर न काढता म्हटलं, "चल, निघ."

धाकटीने वळकटी काखेत मारली, दोरीवरची साडी ओढली, दात घासायचा ब्रश पदरात खोचला आणि मागच्या जिन्याने गच्चीवर गेली. मालकाचा कारकून आत आला, तेव्हा खोलीत एका बाईचा संसार होता. एक ताट, एक उशी, एक चपलांचा जोड. कारकून हात धुवायला मोरीकडे वळला. नळ काही त्याला उघडेना. त्याने नाद सोडला, भाडं घेतलं, पावती दिली आणि वही पुढे केली.

"घरात कोण कोण?"

"मी एकटीच. बहीण येऊनजाऊन असते."

वहीत तसं लिहिलं गेलं. खाली थोरलीची सही.

हा प्रवेश एकोणीस वर्षं, दर महिन्याला झाला. एकदाही कोणी वाक्य विसरलं नाही. शेजारीपाजारीसुद्धा सामील होते. कारकुनाने विचारलं की समोरच्या काकू सांगायच्या, "कुठली हो बहीण? पाहुणी आहे ती." पुढे पुढे सगळी इमारत धाकटीला पाहुणीच म्हणू लागली. "काय पाहुणे, मुक्काम किती दिवस?" काकू जिन्यात विचारायच्या. "तुम्ही चहा पाजेपर्यंत," धाकटी म्हणायची आणि कामावर जायची. लाँड्रीत ती इस्त्रीला होती. दिवसभर लोकांच्या चादरींच्या घड्या मोडायच्या, पुन्हा घालायच्या.

हे सगळं कशासाठी? तर खोली घेताना थोरलीने सही केलेल्या कागदावर एक ओळ होती: पोटभाडेकरू ठेवणार नाही. नवरा वारल्यावर धाकटी तिच्याकडे राहायला आली, तेव्हा थोरलीला ती ओळ आठवली. मालकाला कळलं तर दोघी रस्त्यावर. तिने कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर बोभाटा झाला असता. धाकटीच्या ओळखपत्रावर थोरलीने आपल्या मुलाचा पत्ता घालायला लावला. मुलगा दुसऱ्या गावी, स्वतःच्या घरात. लाँड्रीच्या हजेरीपुस्तकातही तोच पत्ता. दोघींना आपल्या हुशारीचं कौतुक होतं.

थोरली हिवाळ्यात गेली. चार दिवस दवाखान्यात होती. भरती करताना खिडकीतल्या बाईने विचारलं, "रुग्णासोबत कोण राहतं?" धाकटीची जीभ तालमीतली होती. "एकट्या राहतात. मी भेटायला आले होते."

पुढच्या महिन्याची पहिली तारीख आली. धाकटी वळकटी काखेत मारून दारापर्यंत गेली, आणि तिथेच थबकली. आता मागे आत कोण बसणार? तिने वळकटी खाली ठेवली आणि दार उघडं ठेवून वाट पाहिली.

कारकून आला. भाडं त्याने घेतलं नाही. "मालक म्हणतात, भाडेकरू वारल्या. तुम्ही पाहुण्या. चावी द्या."

"मी इथेच राहते," धाकटी म्हणाली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने तिच्याकडे बघितलं आणि वही काखेत धरून तो खाली उतरला.

वकिलीणबाईंची कचेरी एका झेरॉक्सच्या दुकानावर होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मावशी, बहीण एका चुलीवर जेवते तिला पोटभाडेकरू म्हणत नाहीत. घरचं माणूस म्हणतात. तुम्ही उघड राहिला असतात तरी मालक काही करू शकला नसता."

धाकटीने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"आणि भाडेकरू गेला की त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे खोली येते. त्याच भाड्याने, त्याच अटींवर. मालकाला नवा करार मागता येत नाही, भाडं वाढवून मागता येत नाही, पागडी मागता येत नाही. कोर्टाच्या हुकुमाशिवाय बाहेर काढता येत नाही."

"मग झालं की."

"एक गोष्ट तो मागू शकतो. मृत्यूच्या वेळी तुम्ही तिथे राहत होतात याचा पुरावा. तेवढा आणा."

धाकटीने पिशवीतून कागद काढले. वकिलीणबाई एकेक उलटत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. ओळखपत्र भाच्याच्या पत्त्यावर. बँकेचं पुस्तक भाच्याच्या पत्त्यावर. दवाखान्याच्या कागदावर, 'रुग्ण एकटी राहते'.

"असा पुरावा नसेल तर वारसाचा नंबर," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे ताईंचा मुलगा. त्याच्याशी बोला."

भाचा फोनवर गडबडला. "मावशी, मालकाचा माणूस येऊन गेला. मी खोलीवरचा हक्क सोडल्याचं लिहून दिलं. मला काय माहीत तू तिथेच राहतेस? मला वाटलं, लाँड्रीतच राहत असशील. आई तर सगळ्यांना सांगायची, तू येऊनजाऊन असतेस." त्याचं तरी काय चुकलं? नाटक त्यालाही खरं वाटलं होतं.

मालकाने ताब्याचा दावा लावला. साक्षीला काकू उभ्या राहिल्या. बिचाऱ्या नवी साडी नेसून आल्या होत्या.

"ती तिथेच राहायची, साहेब. एकोणीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर."

मालकाच्या वकिलाने विचारलं, "कारकुनाला तुम्ही 'पाहुणी' सांगत होतात?"

"हो."

"तेव्हा खोटं बोलत होतात, की आता बोलताय?"

काकूंनी धाकटीकडे बघितलं. मग कोर्टापुढे वह्या आल्या. एकोणीस वर्षांच्या, एकावर एक, प्रत्येक पानावर थोरलीची वळणदार सही. आपल्या बहिणीला घरात ठेवून घेण्यासाठी तिने दोनशेहून जास्त वेळा लिहून दिलं होतं की ती घरात नाही.

निकाल लागला. सोबत राहत असल्याचं सिद्ध झालं नाही, वारसाने हक्क सोडला आहे, ताबा मालकाला. खोली रिकामी करायला तीन महिने. वकिलीणबाई म्हणाल्या, अपील करता येईल, पण तिथेही हेच कागद जातील. धाकटीने मान हलवली. लाँड्रीच्या मालकिणीने कपड्यांच्या गठ्ठ्यांमागे खाट टाकायला जागा देऊ केली होती, काम करतेस तोपर्यंत.

शेवटच्या दिवशी ताबा घ्यायला तोच कारकून आला. खोलीत सामान असं नव्हतंच. एकोणीस वर्षांत तिने एवढंच जमवलं होतं, जेवढं एका खेपेत गच्चीवर नेता येईल. भिंतीवर थोरलीच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता, आणि त्याच्या शेजारी, थोडा खाली, दुसरा. तो कोणी कोर्टात मांडला नव्हता.

कारकुनाने पंचनामा लिहिला. खिडकी एक, दार एक, मोरी एक. मग मोरीत जाऊन त्याने नळ फिरवून बघितला. नळ हलेना. जोर लावला, तरी हलेना. "हा बिघडलेला लिहितो," तो म्हणाला.

धाकटी वळकटी काखेत मारून दारात उभी होती. तिने चावी उंबऱ्यावर ठेवली. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली, थांबली, मागे वळली.

"बिघडलेला नाही तो. आधी थोडा उलटा फिरवायचा, मग वर दाबून सोडायचा. ताईला कधी जमलं नाही. तिला पाणी मीच काढून द्यायची."