सुया विरल्या, तेव्हा

एम.एस्सी.चा शेवटचा पेपर व्हायच्या आधीच मला नोकरी लागली होती. नगरच्या आमच्या कॉलेजात औषधांची मूळ द्रव्यं बनवणारी एक कंपनी मुलाखतींसाठी आली. सेंद्रिय रसायनशास्त्राचा आमचा अख्खा वर्ग इस्त्रीचे कपडे घालून सेमिनार हॉलबाहेर बसला होता. निवडलेल्यांत मीही होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत नेट परीक्षेचा निकाल आला आणि त्यात मला जेआरएफ मिळाल्याचं कळलं. म्हणजे पीएच.डी.ला प्रवेश घेतला तर सरकारकडून दरमहा विद्यावृत्ती. दोन्ही गोष्टी एकदम हातात आल्या आणि मला काहीच सुचेना.

मी काष्टीकडची. घरी ऊस आणि कांदा. मी शिकावं ही हौस आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. पण शिक्षण संपल्यावरही शिकत राहायचं, ही गोष्ट त्यांना पटवून सांगणं अवघड होतं.

"किती वर्स?" त्यांनी विचारलं.

"पाच तरी धरा. कधी जास्तही लागतात."

"आन मंग?"

"मग प्राध्यापक होता येतं, नाहीतर कंपनीत संशोधनाच्या वरच्या जागेवर लागता येतं."

"कंपनीत तर आताच लागतीय की तू," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कोडं पडलं होतं.

मी आमच्या मॅडमकडे गेले. माझा प्रोजेक्ट त्यांच्याकडे होता आणि त्या पीएच.डी.च्या मान्यताप्राप्त गाईडही होत्या. मला वाटलं होतं, जेआरएफ म्हटल्यावर त्या लगेच मला ठेवून घेतील. मिश्रणात काय काय आहे ते ठिपक्यांतून दाखवणारी टीएलसीची प्लेट त्या दिव्याखाली धरून बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "तुझा प्रश्न काय आहे?"

"तेच, मॅडम. पीएच.डी. करू की नोकरी?"

"हा नाही गं. रसायनशास्त्रातला. कुठली गोष्ट तुला इतकी छळते, की तिच्यासाठी पाच वर्षं देशील?"

मला रसायनशास्त्र आवडायचं, मार्क चांगले पडायचे, एवढंच.

"मग नोकरी कर," त्या म्हणाल्या. "मार्क आहेत म्हणून पीएच.डी.ला बसलेली मुलं मी तिसऱ्या वर्षी रडताना पाहिलीत. फेलोशिपला मुदत असते, ती बघून ठेव. आणि कंपनीत नुसतं काम करू नकोस. नीट बघ."

मी एमआयडीसीतल्या त्या कंपनीत रुजू झाले. माझी जागा आर अँड डी विभागात ट्रेनी केमिस्टची. विभागाचे प्रमुख पन्नाशीचे होते. एम.एस्सी. होताच इंडस्ट्रीत आले आणि इथेच मोठे झाले. आम्ही सगळे त्यांना नुसतं सर म्हणायचो. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला हेल्मेट आणि गॉगल चढवून प्रॉडक्शनमध्ये नेलं.

कॉलेजात मी शंभर मिलीच्या फ्लास्कमध्ये स्फटिक पाडायचे. फ्लास्क कोमट झाला की काचेच्या कांडीने आतून घासायचं आणि वाट बघायची. इथे तेच काम आतून काचेचा मुलामा दिलेल्या एका रिॲक्टरमध्ये चाललं होतं. तो दोन मजल्यांत उभा होता. वरच्या झाकणाला जाड काचेची खिडकी होती आणि शेजारी दिवा. सरांनी ऑपरेटरला खूण केली. त्याने आधीच तयार असलेले थोडे स्फटिक बियाणं म्हणून आत सोडले. "आता बघ," सर म्हणाले.

मी काचेला डोळा लावला. आत पिवळसर, पारदर्शक द्रावण गरगर फिरत होतं. बराच वेळ काही झालं नाही. मग दिव्याच्या झोतात काहीतरी चमकलं, पुन्हा चमकलं, आणि बघता बघता सगळं द्रावण दुधासारखं पांढरं झालं. इतकं मोठं भांडं, आणि आतला प्रत्येक रेणू आपापली जागा शोधून रांगेत बसत होता. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. नोकरी घेतली ते बरंच झालं, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. हे कॉलेजात कधी दिसलं असतं?

वर्षभर मी खूप शिकले. नवा मार्ग ग्रॅममध्ये बसवायचा, मग किलोत नेऊन बघायचा. कुठे उष्णता साठेल, कुठला विद्रावक परत वापरता येईल, गाळायला किती वेळ लागेल. पुस्तकात एका बाणाने संपणारी अभिक्रिया इथे माणसांच्या दिवसाला पुरून उरायची. आण्णा गावात अभिमानाने सांगायचे, "पोरगी औषदाच्या कंपनीत हाय."

मग एके दिवशी सकाळी क्वालिटीमधून निरोप आला, की एक बॅच निकषांत बसत नाही.

ते औषध आम्ही वर्षानुवर्षं बनवत होतो. कृती तीच, माल तोच, तापमानाच्या नोंदी तंतोतंत. शुद्धता उत्तम होती. पण वितळणबिंदू थोडा वर सरकला होता, आणि पावडरवर क्ष-किरण सोडून घेतलेल्या आलेखातली शिखरं भलत्याच जागी आली होती. मला वाटलं, कुठलीतरी भेसळ झाली. सरांनी मान हलवली.

"भेसळ असती तर एचपीएलसीच्या शुद्धता-तपासणीत दिसली असती. तिथे नमुना विरघळवूनच घालतो आपण, आणि विरघळला की हा आणि जुना एकच. रेणू तोच आहे. फक्त बसलाय वेगळा."

पॉलिमॉर्फ हा शब्द मी परीक्षेत दोन ओळींत लिहिला होता. एकच पदार्थ, पण स्फटिकात रेणूंची मांडणी वेगळी. मात्र त्याचे परिणाम कधी लक्षात आले नव्हते. ही नवी मांडणी पाण्यात कमी विरघळत होती. म्हणजे गोळी पोटात जाईल, पण औषध रक्तात पुरेसं उतरेलच असं नाही. त्यामुळे तो माल बाहेर जाऊ शकत नव्हता.

त्याहून अवघड गोष्ट पुढे होती. पुढची बॅचही तशीच आली. मग आमच्या लॅबमधल्या छोट्या फ्लास्कमध्येही जुने स्फटिक पडेनात. नव्या रूपाचा एखादा डोळ्याला न दिसणारा कण कुठे तरी असायचा, हवेत, नळीत, आमच्या कोटावर, आणि त्याला बघून सगळं द्रावण त्याच्याच मागे जायचं.

सरांनी मला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. काचपट्टीवर थेंबभर विद्रावकात जुने स्फटिक होते, लांब लांब सुया. ध्रुवित प्रकाशात त्या निळ्या-केशरी दिसत होत्या. त्यांच्या कडेला सरांनी नव्या रूपाचा एक कण सोडला, आणि उठून मला खुर्ची दिली.

आधी वाटलं, डोळ्यांचा भास आहे. मग स्पष्ट दिसलं. सुया टोकांकडून विरत होत्या. कुणी हात लावत नव्हतं, तापवत नव्हतं. आणि त्या विरत असताना पलीकडे चौकोनी चकत्या वाढत होत्या, सरळ कडांच्या, जांभळ्या-सोनेरी. एका सुईच्या दोन्ही बाजूंना चकत्या आल्या, ती मधोमध बारीक झाली, तुटली, आणि दिसेनाशी झाली. एकही रेणू नाहीसा झाला नव्हता. सगळे उठून दुसऱ्या घरात राहायला गेले होते. मी किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. मान अवघडली तरी उठवेना.

"सर, पण हे आत्ताच का? इतकी वर्षं का नाही झालं?"

सर हसले. "ते मला माहीत नाही. जुनं रूप परत कसं आणायचं, एवढंच मला बघायचंय."

आणि त्यांनी ते आणलं. रिॲक्टर, नळ्या, गाळण्या, सगळं गरम विद्रावकाने पुन्हा पुन्हा धुऊन घेतलं. जपून ठेवलेल्या जुन्या मालातलं बियाणं काढलं. ते जरा जास्त तापमानाला सोडलं, थंड करायचा वेग बदलला, आणि स्फटिक पडल्यावर त्यांना द्रावणात रेंगाळू न देता लगेच गाळलं. आलेखातली शिखरं जागेवर आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण माझ्या डोळ्यांपुढून त्या विरणाऱ्या सुया जात नव्हत्या.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आण्णांना सांगितलं. अंगणात विटा पडल्या होत्या, त्यातल्या काही मी आडव्या मांडल्या, काही उभ्या. "वीट तीच, भट्टी तीच, पण भिंत वेगळी."

आण्णा उकिडवे बसून बघत राहिले. "आन एक डाव तसं बसाया शिकलं, की मागलं इसरतं?"

"जवळजवळ तसंच."

"कोन शिकवतं त्याला?"

"तेच माहीत नाही, आण्णा."

त्यांनी एक उभी वीट आडवी केली, पुन्हा उभी केली. मग म्हणाले, "मंग हे कुनी शोधाया पायजे का न्हाई?"

मी सरांपुढे राजीनामा ठेवला तेव्हा त्यांनी तो लगेच घेतला नाही. "इथेही तू वर जाशील. मी गेलोच की. पाच वर्षांत तुझ्या बरोबरीची पोरं पुढे निघून जातील, हे धरून चल. आणि आपल्या औषधाबद्दल तिथे काही काढायचं नाही, ते कंपनीचं आहे."

"माहीत आहे, सर. दुसरे रेणू घेईन."

"का जातेस, ते मला दिसतंय," ते म्हणाले आणि सही केली.

मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं. "स्फटिकांची रचना हा माझा विषय नाही," त्या म्हणाल्या, "मलाही शिकावं लागेल. चालेल?" विद्यापीठाच्या मुलाखतीत समितीतल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, की चांगली नोकरी सोडून का आलात. मी सुयांचं सांगायला लागले आणि थांबेचना. शेवटी त्यांनीच हात वर केला.

हे माझं चौथं वर्ष. बहुतेक दिवस काही घडत नाही. दोन वर्षं तर माझ्या रेणूचं दुसरं रूप आहे की नाही, हेच कळेना. बरोबरच्या मैत्रिणी सीनियर झाल्या, एकीने पुण्यात फ्लॅट घेतला. विद्यावृत्ती कधी वेळेवर येते, कधी थकते. आईचा माझ्या लग्नाचा विषय फक्त सणावारापुरता थांबतो.

गेल्या हिवाळ्यात एका परीक्षानळीच्या तळाशी मला एकटा, स्वच्छ स्फटिक मिळाला, मोहरीहून लहान. कापसात ठेवून तो मी पुण्याला क्ष-किरणांच्या यंत्राकडे नेला. तिथल्या शास्त्रज्ञांनी तो केसाएवढ्या सुईच्या टोकावर बसवला, आणि दुपारी पडद्यावर रचना उभी राहिली. प्रत्येक अणू आपल्या जागी. जुन्या रूपात रेणू हात धरून एका ओळीत उभे असायचे. इथे एका हायड्रोजनने तोंड फिरवलं होतं, शेजारच्याऐवजी मागच्याचा हात धरला होता, आणि त्या एवढ्याशा वळण्याने ओळीच्या जागी जाळं तयार झालं होतं, चारी दिशांना, पडद्याच्या बाहेरपर्यंत.

"ही रचना याआधी कुणी नोंदवलेली नाही," ते शास्त्रज्ञ म्हणाले, "मी शोधून पाहिलं."

मी मॅडमना फोन लावला. त्यांनी उचलला, आणि मी नुसतंच "मॅडम, मॅडम" म्हणत राहिले. "सांग ना, काय झालं?" त्यांनी घाबरून विचारलं. "दुसरं रूप आहे, मॅडम," मी पडद्यावरचं जाळं बघत म्हणाले.